बायसेप-ट्रायसेप सुपरसेट: काही महिने वापरून आलेला अनुभव

जिममध्ये सारखं कानावर पडतं की बायसेप मारून लगेच ट्रायसेप घेतला की ट्रायसेपला जास्त जोर येतो, कारण समोरचा मसल थकलेला असतो, तो ब्रेक लावत नाही. हे अगदीच हवेतलं नाहीये, २००५ मध्ये बेकर आणि न्यूटन यांनी रग्बी लीगच्या खेळाडूंवर प्रयोग केला होता, बेंच थ्रोच्या दोन सेटच्या मध्ये बेंच पुल घ्यायला लावलं तर थ्रोची पॉवर सुमारे ५ टक्के वाढली. पण ते झटक्यात, वेगात फेकायचं काम होतं. आपण हळू, कंट्रोलमध्ये कर्ल मारतो, तिथे मला तरी जोर वाढल्याचं काहीच जाणवलं नाही.

मला खरा फायदा दिसला तो रेस्टमध्ये. माझं गणित असं: २५ किलोचा ईझी बार कर्ल १० रेप, साधारण ३५ सेकंद. मग १ मिनिट थांबायचं, केबल पुशडाउन १२ रेप, ४० सेकंद, परत १ मिनिट, मग पुढचा कर्ल. म्हणजे बायसेपला दोन सेटच्या मध्ये २ मिनिटं ४० सेकंद मिळतात आणि तेवढ्यात ट्रायसेपचं काम उरकतं. दोन्हीचे ३-३ सेट ९ मिनिटांत होतात, एवढाच रेस्ट देऊन एकेक करून मारले असते तर १७ मिनिटं गेली असती. आणि तिसऱ्या सेटलाही रेप साध्या सेटइतकेच निघतात, हे मला सगळ्यात आवडलं.

गडबड होते ती मधला रेस्ट पूर्णच काढला की. कर्ल, लगेच पुशडाउन, लगेच परत कर्ल असं केलं तर बायसेपला जेमतेम ४० सेकंद मिळतात. मसलमधलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट जोर देणारं इंधन, निम्मं भरायलाच साधारण अर्धा मिनिट लागतो, त्यामुळे दुसऱ्याच सेटला रेप १० वरून ६-७ वर येतात. बरं, पंप मस्त आलेला असतो म्हणून वाटतं काम भारी झालं, पण डायरीत एकूण रेप मोजा, कमी भरतात.

अजून एक, सेट कशामुळे थांबला ते बघायला हवं. बार अर्ध्यात येऊन हळू होत अडकला तर बायसेप संपला. बार नीट वर जातोय पण धाप लागलीय किंवा मनगटापासून कोपरापर्यंत जळजळ होऊन पकड सुटतेय, तर बायसेपचं काम झालेलंच नाही, रेस्ट अर्धा मिनिट वाढवा. कर्ल आणि पुशडाउन दोन्हीत पकड तीच लागते ना, तिला विश्रांती मिळतच नाही. मी पुशडाउनला रोप सोडून सरळ बार घेतला, अंगठा वरून ठेवून नुसता तळव्याने दाबतो, तेव्हापासून फोअरआर्म आधी थकत नाही.

जड वजनाच्या दिवशी, ५-६ रेपवाल्या क्लोज ग्रिप बेंचला मात्र मी ही जोडी लावत नाही, तिथे धाप लागलेली असताना बारखाली झोपायचं नसतं.