सर्जिकल मालाचा नवा स्टॉकिस्ट: आठ महिन्यांनंतर

सदाशिव पेठेतल्या एका डिस्ट्रिब्युटरचा मेल आला तेव्हा त्यात तीन गोष्टी ठळक होत्या: ग्लोव्हजवर 10 पेट्यांना 2 फ्री, सकाळी अकरापर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी, आणि 21 दिवसांची उधारी, 7 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के कॅश डिस्काउंट. सिंहगड रोडवरच्या माझ्या मेडिकलला आठ महिने मी त्यांच्याकडून सर्जिकल माल घेतोय.

डिलिव्हरी चोख. अकराच्या आत फोन केला की चारपर्यंत माल काउंटरवर असतो, पावसाळ्यातही दोनदाच चुकला.

स्कीमचा हिशोब मात्र नीट करा. 300 रुपयांची पेटी, 10 वर 2 फ्री म्हणजे 3,000 रुपयांत 12 पेट्या, पेटी पडते 250 ला. सूट झाली साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, 20 नाही. ग्लोव्हज खपतात म्हणून परवडतं. शुगरच्या स्ट्रिप्स मात्र मी त्याच मोहात जास्त उचलल्या आणि दोन डब्यांची एक्सपायरी जवळ आली. त्या आता गरजेपुरत्याच मागवतो.

खरा फायदा कॅश डिस्काउंटमध्ये आहे. 20,000 च्या बिलावर 400 रुपये वाचतात. पैसे 14 दिवस आधी द्यायला बँकेचा 12 टक्क्यांचा ओव्हरड्राफ्ट वापरला तरी व्याज जेमतेम 90 रुपये होतं. पण दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात. शनिवारी संध्याकाळी बिल फाडलं आणि माल सोमवारी आला, तर हातात पाचच दिवस उरतात. म्हणून मोठी ऑर्डर मी सोमवारी सकाळी देतो.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो जुलैत. कापसाचे रोल भिजून आले, 1,840 रुपयांचे. परत दिले, तेवढी रक्कम बिलातून वजा करणाऱ्या क्रेडिट नोटचा शब्द मिळाला, तेवढे पैसे मी थांबवून ठेवले. नोट काही त्यांच्या खात्यात चढली नाही. बाविसाव्या दिवशी त्यांच्या कॉम्प्युटरने बिल थकीत दाखवलं आणि नवं बिलिंगच बंद! शुक्रवारी इन्सुलिनच्या सिरिंजा अडकल्या. रोज येणाऱ्या आजींना दुसऱ्या दुकानात पाठवावं लागलं, ते मनाला फार लागलं.

तेव्हापासून माल घेताना पेटी उघडतो, खराब नग डिलिव्हरी बॉयसमोर बिलाच्या कॉपीवर लिहून त्याची सही घेतो, आणि बॅच नंबरचा फोटो त्याच दिवशी मेल करतो. पैसे भरताना कुठल्या बिलापोटी किती, तेही लिहून देतो, नाहीतर रक्कम भलत्याच बिलात जमा होते. सप्टेंबरमध्ये फाटके ग्लोव्हज आले, त्याची नोट नऊ दिवसांत चढली.

ग्लोव्हज, कापूस, सिरिंजा यांच्याकडूनच घेतोय. स्ट्रिप्स मात्र परत जुन्या स्टॉकिस्टकडे नेल्या. सूट कमी आहे, पण तो एक-एक डबाही देतो.