रेशमी साडीवरचे तेलकट डाग: टाल्कम पावडर आणि व्हाइट पेट्रोलचा अनुभव

गेले काही महिने घरातल्या रेशमी साड्यांवरचे तेलकट डाग मी दोनच वस्तूंनी काढते आहे: साधी, बिनसुगंधी टाल्कम पावडर आणि ड्रायक्लीनिंगवाले वापरतात ते व्हाइट पेट्रोल. पावडरीबद्दल मी समाधानी आहे, पेट्रोलबद्दल सावध.

ताज्या, पातळ तेलाला पावडर पुरते. आधी सुती कापड नुसते दाबून तेल टिपावे. घासल्यास रेशमाचे तंतू विसकटतात आणि तेवढीच जागा कायमची पांढुरकी दिसते. मग पावडरीचा जाड थर रात्रभर ठेवून सकाळी मऊ ब्रशने झटकावा. पावडर ओलसर होऊन गोळा झाली असेल, तर तेल अजून निघते आहे असे समजून पुन्हा नवी घालावी. मुलतानी मातीही तेल शोषते, परंतु तिचा रंग फिक्या साडीच्या विणीत अडकतो, म्हणून मी ती टाळते.

तुपाचे मात्र वेगळे आहे. सासूबाईंच्या पैठणीच्या निऱ्यांवर पुरणपोळीचे तूप सांडले, तेव्हा रात्रभराच्या पावडरीने डाग फिका झाला, पण गेला नाही, कारण थिजलेले तूप पावडरीत शिरत नाही. ते आधी विरघळवावे लागते. पदराच्या आतल्या कोपऱ्यावर रंग सुटत नाही याची खात्री केल्यावर मी डाग खाली येईल अशी साडी पांढऱ्या सुती कापडावर उलटी पसरली आणि पेट्रोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या बोळ्याने बाहेरून मध्याकडे टिपत गेले. खालचे कापड सरकवत राहिले नाही, तर विरघळलेले तूप पुन्हा साडीतच मुरते. ओलावा असतानाच वर पावडर टाकली, त्यामुळे कडेला वलय उमटले नाही. सुकल्यावर साडी उजेडासमोर धरली. तेल उरलेला भाग अर्धपारदर्शक दिसतो, इथे तसा दिसला नाही. हे काम गच्चीवर, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून दूरच करावे, कारण या पेट्रोलची वाफही पेट घेते.

रश्शाचा डाग आला की मी घरी फक्त तेल टिपते. पेट्रोलने तेल गेले तरी हळद राहते आणि साबण लावला तर ती लाल होते. जुना होऊन पिवळा पडलेला, इस्त्रीखाली गेलेला किंवा जरीच्या काठावर पसरलेला डाग, तसेच चाचणीत बोळ्याला रंग लागलेली साडी थेट ड्रायक्लीनरकडे द्यावी. देताना डागाभोवती दोऱ्याचा सैल टाका घालून खूण करावी, डाग कशाचा, किती दिवसांचा आणि त्यावर आपण काय लावले हे सांगावे, आणि डाग गेल्याचे पाहिल्याशिवाय रोल प्रेस करू नये असे पावतीवर लिहून घ्यावे.