सिलॉजिझमची जुनी सरावपुस्तिका, काही महिने वापरल्यावर (आणि तुझे आयदर-ऑरचे मार्क)

अगं, मेसेज बघितला. परत आयदर-ऑरमध्येच, म्हणजे 'दोन निष्कर्षांपैकी कुठला तरी एक खरा' या उत्तरातच मार्क गेले आणि आता नवीन टेस्ट सिरीज घेऊ काय विचारतेस. घेऊ नको, पैसे ठेव. तुझ्याकडं आहे तीच पुस्तिका इथं निपाणीच्या बॅचला पावसाळ्यापासून सोडवून घेतोय, म्हणून तिच्याबद्दल आणि तुझ्या चुकीबद्दल एकदमच लिहितो.

प्रश्न चांगले आहेत, किंमतीला परवडतंय. कागद पातळ आहे, पेननं गोल काढले की मागं उमटतात, चालवून घ्यायचं. पण शेवटच्या पानावरचा तो तक्ता! 'काही' आणि 'एकही नाही' अशी जोडी दिसली की आयदर-ऑर, एवढंच छापलंय, अट कुठंच नाही. सुरुवातीला मला तो बरा वाटला, वेळ वाचतोय म्हणून. दिवाळीनंतरच्या मॉकमध्ये बघतोय तर तक्ता पाठ असलेलीच पोरं तिथं चुकायला लागली.

तुझाच प्रश्न घे. सगळे पेन वस्तू आहेत, काही वस्तू लाल आहेत. निष्कर्ष: काही पेन लाल, एकही पेन लाल नाही. एका चित्रात लालचा गोल पेनाच्या गोलात घुसव, दुसऱ्यात पेनाला न शिवता नुसता वस्तूंच्या गोलात ठेव. दोन्ही चित्रं विधानांत बसतात. पहिल्यात पहिला निष्कर्ष खरा, दुसऱ्यात दुसरा, आणि दोन्ही खोटे पडतील असं तिसरं चित्र काढताच येत नाही. म्हणून आयदर-ऑर. तू 'दोन्ही नाही' लिहिलंस.

आता दुसरं विधान बदल: एकही वस्तू लाल नाही. निष्कर्ष तेच. इथं 'एकही पेन लाल नाही' हे सरळ पक्कं झालं, मग आयदर-ऑर कुठलं, फक्त दुसरा निष्कर्ष बरोबर. तक्ता बघून टिक करणारा इथंच फसतो.

आणि तू ज्याला आयदर-ऑर केलंस ती जोडी वेगळीच होती, 'सगळे पेन लाल' आणि 'एकही पेन लाल नाही'. विधानं पहिलीच. अर्धेच पेन लाल काढून बघ, दोन्ही खोटे पडले की! 'सगळे'ची खरी जोडी 'काही नाहीत' बरोबर लागते. पण बँकेच्या पेपरात 'फक्त काही पेन लाल' असं आलं तर काही लाल नाहीत हे आधीच ठरलेलं असतं, मग तीही जोडी गेली.

बँकेच्या प्रिलिम्समध्ये चुकीला पाव मार्क कापतात, त्यामुळं नुसत्या अंदाजानं टिक करू नको. तक्त्याचं पान स्टेपल मारून बंद कर, आयदर-ऑरचे चुकलेले प्रश्न पेन्सिलनं परत सोडव, प्रत्येकाला दोन चित्रं, आणि तिसरं निघतंय काय ते शोध. पानांचे फोटो रविवारपर्यंत पाठव, मी बघतो.