पुण्याहून मालवण: घरची गाडी की भाड्याची सात-सीटर?

पुण्याहून कोल्हापूर आणि गगनबावडा मार्गे मालवण. जाऊन-येऊन साधारण 800 किलोमीटर, तारकर्ली-देवबागचं फिरणं धरून 900. मुक्काम तीन रात्री, म्हणजे गाडी चार दिवस लागणार. घरी पेट्रोलची हॅचबॅक आहे आणि दुसरा पर्याय सेल्फ-ड्राइव्हवर मिळणारी सात-सीटर. टोल दोन्हीकडे भरायचाच, म्हणून तो बाजूला ठेवते. खालचे दर हिशोबापुरते धरलेले आहेत, तुमच्या शहरातले दर घालून पाहा.

घरच्या गाडीला लिटरमागे 16 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर इंधनाचे 5,900 होतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि गाडी फुकटात गेली असं मानतात. टायर, सर्व्हिसिंग, ब्रेक-क्लच आणि वाढलेल्या किलोमीटरमुळे घटणारी किंमत यांचे किलोमीटरला किमान दोन रुपये धरायलाच हवेत. ते झाले 1,800. एकूण 7,700.

भाड्याच्या गाडीचं रोजचं भाडं 3,200 धरलं तर चार दिवसांचे 12,800. नुकसानीतली आपली जबाबदारी कमी करणारा डॅमेज वेव्हर रोज 400, म्हणजे 1,600. सात-सीटरही लिटरमागे तेवढंच चालते असं धरू, म्हणजे इंधन तेच 5,900. एकूण 20,300. किलोमीटरची मर्यादा मात्र बुकिंगआधी पाहा. रोजचे 200 किलोमीटरच भाड्यात धरलेले असतील, तर या सहलीत 100 किलोमीटर जादा होतात आणि त्यांचे वेगळे पैसे लागतात.

चौघांसाठी हा फरक 12,600 रुपयांचा आहे, आणि घरची गाडी धडधाकट असताना तो देण्याचं कारण मला दिसत नाही. आजी-आजोबा आले आणि माणसं सहा झाली की गणित बदलतं. हॅचबॅकमध्ये सहा जण बसवायचे नाहीतच. भावाची गाडीही काढली तर दोन गाड्यांचे 15,400 होतात, फरक पाच हजारांवर येतो, आणि घाटात दोन चालक थकतात. तिथे मी भाड्याची गाडी घेईन.

आता वेव्हर. हा विमा नाही. नुकसान झालं तर तुमच्याकडून जास्तीत जास्त किती घ्यायचं, एवढाच तो करार असतो. समजा वेव्हरशिवाय तुमची जबाबदारी 20,000 पर्यंत आहे आणि 1,600 भरून ती 5,000 वर येते. म्हणजे 15,000 च्या संरक्षणाची ही किंमत आहे. स्वस्त नाही, पण चालवणाऱ्याला लांब गाडीची सवय नसेल तर घ्यावं. त्याआधी अपवाद वाचा. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याच करारांत वेव्हरबाहेर असतो. कोकणात नेमकं तेच जातं: करूळ घाटात समोरून एसटी आली म्हणून चाक साइडपट्टीवरून उतरतं, देवबागच्या अरुंद रस्त्यावर जांभ्याच्या गडग्याला टायरची बाजू फाटते, होमस्टेच्या चढावर तळ घासतो. हे सगळं तुमच्या खिशातून जाणार असेल, तर 1,600 भरून मिळतं काय, ते तिथेच विचारा.

घरच्या गाडीच्या विम्यालाही मर्यादा आहे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये सक्तीचे 1,000 रुपये आपले जातात, आणि घसारा न कापता भरपाई देणारं झीरो-डेप कव्हर नसेल तर प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमतही. शिवाय 50 टक्के नो-क्लेम बोनस साचला असेल तर एका क्लेमने तो शून्यावर येतो. पाच-सहा हजारांचा पोचा असेल तर सहसा पदरचे पैसे घालणंच परवडतं.

भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट हा खर्च नाही, पण 5,000 अडकतात आणि परत येताना कापले जाऊ शकतात. गाडी घेताना चारही बाजू, चारही रिम, काचा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा सलग व्हिडिओ गाडी देणाऱ्या कंपनीच्या माणसासमोरच काढा. मोबाइल बंपरखाली धरून तळही टिपा. परत देण्याआधी जवळच्या पंपावर टाकी होती तेवढी भरून पावती ठेवा आणि मॅटमधली वाळू झटका. वाळू आणि मासळीचा वास यांवर सफाईचे पैसे लागतात. वेगमर्यादेचं ई-चलान नंतरही येतं, त्यामुळे डिपॉझिट किती दिवसांनी सोडणार ते लेखी घ्या.

एक गोष्ट दोन्ही हिशोबांबाहेरची. कुणी ओळखीतून पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी निम्म्या भाड्यात देत असेल तर घेऊ नका. सेल्फ-ड्राइव्हच्या अधिकृत गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. खासगी गाडी भाड्याने दिलेली निघाली की विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि अपघातात कुणी जखमी झालं तर ते प्रकरण डिपॉझिटपुरतं राहत नाही.