बाणेरमधल्या तीन इंजिनिअरांसाठी: एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

समजा, बाणेरला तीन स्ट्रक्चरल इंजिनिअर एकत्र आले. वार्षिक उलाढाल 36 लाख, भांडवल स्वतःचंच, 6 लाख. त्यांनी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, काढावी की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी?

जबाबदारीत दोन्ही पर्याय वाटतात त्याहून जवळचे आहेत. एकाने चुकीच्या डिझाइनवर सही केली, तर 2008 च्या एलएलपी कायद्यानुसार बाकी दोघांची घरं सुरक्षित. त्यांची गुंतवणूक तेवढी बुडू शकते. सही करणारा मात्र स्वतःच्या चुकीतून सुटत नाही. कंपनीचा संचालकही स्वतःच्या निष्काळजीपणापुढे कंपनीची ढाल नेहमीच धरू शकत नाही. आणि बँकेने वैयक्तिक हमी घेतली की दोन्हीकडे संरक्षण तिथपुरतं संपतं. त्यामुळे व्यावसायिक विमा दोन्हीकडे घ्याच.

खरा फरक कागदपत्रांत आहे. एलएलपीला दरवर्षी 30 मेपर्यंत फॉर्म 11 आणि 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8 भरावा लागतो. उलाढाल 40 लाखांच्या आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल, तर एलएलपी कायद्याखाली ऑडिटची सक्ती नाही. आपले तिघे यात बसतात. कंपनीला मात्र एक रुपयाची उलाढाल नसली तरी ऑडिट हवंच, शिवाय संचालक मंडळाच्या बैठका, इतिवृत्तं, वार्षिक सभा. वार्षिक विवरणपत्रांना उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये, कमाल मर्यादेविना.

गुंतवणूकदार हवा असेल तर कंपनीच. एलएलपीत शेअर नसतात, त्यामुळे लाभांशात आधी हक्क देणारे प्रेफरन्स शेअर किंवा कर्मचाऱ्यांना ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, देता येत नाहीत. पैसे घालणाऱ्याला भागीदारच व्हावं लागतं. नंतर कंपनीत रूपांतर करता येतं, पण त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, वेळही जातो. फीवर चालणाऱ्या या तिघांना मी एलएलपीच सुचवेन.