एक तास वीस मिनिटं की साडेतीन तास?

विमानाचं तिकीट शोधताना पडद्यावर दोन पर्याय एकाखाली एक येतात. दोन्हींत पहिलं विमान तेच आहे. ते दुपारी 14:10 ला मधल्या शहरात उतरतं. पहिल्या पर्यायात पुढचं विमान 15:30 ला आहे, म्हणजे लेओव्हर एक तास वीस मिनिटांचा. दुसऱ्यात पुढचं विमान 17:40 ला, म्हणजे हाताशी साडेतीन तास. पहिल्याची किंमत 100 धरली तर दुसरा 80 ला मिळतोय. वेळ जास्त आणि पैसे कमी, मग विचार कसला करायचा?

किंमतीच्या खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आधी वाचायचं. पहिल्या पर्यायात दुसऱ्या विमानाखाली `Operated by` आणि वेगळ्याच कंपनीचं नाव आहे. हा झाला कोडशेअर: विकणारी कंपनी एक, विमान चालवणारी दुसरी, पण इथे दोन्ही विमानं एकाच तिकिटावर. दुसऱ्या पर्यायात `Self transfer` असे दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ असा की ही दोन स्वतंत्र तिकिटं आहेत. पडद्यावर ती शेजारीशेजारी दिसतात, पण त्या दोन कंपन्यांना एकमेकींशी काही देणंघेणं नाही.

लेओव्हर म्हणजे मधला थांबा. आंतरराष्ट्रीय प्रवासात तो साधारण 24 तासांच्या आत असेल तर नुसतं कनेक्शन धरतात. त्याहून लांबला तर तो स्टॉपओव्हर होतो आणि भाड्याचा हिशोबच बदलू शकतो. पण लेओव्हर किती मिनिटांचा आहे एवढंच बघून सुरक्षित कोणता ते ठरत नाही. विमान चुकलं तर पुढे नेण्याची जबाबदारी कोणाची, यावर ते ठरतं. एका तिकिटातल्या कनेक्शनला किमान किती वेळ हवा हे विमानतळागणिक आणि टर्मिनलागणिक ठरलेलं असतं. त्याहून कमी वेळाची जोडी बुकिंगची यंत्रणा सहसा विकतच नाही. म्हणजे एक तास वीस मिनिटं हा आकडा कुणीतरी आधीच तपासलेला असतो. दोन तिकिटांमधले साडेतीन तास मात्र कुणीच तपासलेले नसतात.

आता पहिलं विमान दोन तास उशिरा, 16:10 ला उतरलं असं धरू.

पहिल्या पर्यायात 15:30 चं विमान केव्हाच गेलंय. तुम्ही ट्रान्सफर डेस्कवर जाता. तिकीट एकच असल्यामुळे तिथल्या माणसाला तुमचा पूर्ण प्रवास दिसतो. रात्रीच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या विमानात तुम्हाला जागा मिळते. त्याचे पैसे लागत नाहीत, कारण हा बदल तुम्ही मागितलेला नाही, कंपनीमुळे झालाय. बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग असेल तर तीही मागोमाग येते. मनस्ताप होतो, कधी रात्र खुर्चीवर काढावी लागते, पण तुम्ही पोचता.

दुसऱ्या पर्यायात 17:40 ला अजून दीड तास आहे, म्हणून वाटतं की जमेल. पण बॅगेला मधल्याच शहराचा टॅग आहे. आधी इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यावर बॅगेची वाट, मग कस्टम्समधून बाहेर, पुन्हा निर्गमनाच्या मजल्यावर आणि तिथे नव्याने चेक-इन. आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो. म्हणजे तुमची खरी मुदत 17:40 नाही, 16:40 आहे. दीड तास वाटला तरी हातात फक्त तीस मिनिटं आहेत. मी स्वतः एकदा असाच बॅग ओढत धावलो होतो. काउंटरवरची बाई बोलायला अगदी गोड होती, पण काउंटर बंद झाला होता.

त्यानंतर तुमच्या नावापुढे नो-शो लागतो. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. पहिलं विमान उशिरा आलं हा तिचा प्रश्न नाही. पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला तिकिटावरच्या शहरात आणून सोडलं. दोघांचंही बरोबर आहे, हीच यातली गोम. दुसरं तिकीट जाण्यायेण्याचं असेल तर आणखी एक तडाखा बसतो. जातानाचा टप्पा चुकवला की येतानाचा टप्पाही बहुधा आपोआप रद्द होतो. लोकांना हे परतीच्या दिवशी विमानतळावर कळतं.

आणखी एक गोष्ट. बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा, आणि त्यासाठी व्हिसा लागू शकतो. एका तिकिटावर नुसतं ट्रान्झिटमधून जाता आलं असतं तिथे दोन तिकिटांवर पहिल्याच विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. दोन तिकिटांचा विचार करत असाल तर किंमत बघण्याआधी व्हिसा बघा.

पण दुसऱ्या पर्यायावर अन्यायही नको. उशीर दोन तासांऐवजी एकच तास झाला असता तर? विमान 15:10 ला उतरतं. पहिल्या पर्यायातल्या माणसाकडे वीस मिनिटं उरतात आणि त्याचं विमान बहुधा चुकतं. दुसऱ्याकडे काउंटर बंद व्हायला दीड तास आहे, तो बहुधा पोचतो, आणि तेही त्याच दिवशी. एक तिकीट तुम्हाला पोचवण्याची हमी देतं, वेळेवर पोचवण्याची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा किंवा मुलाखत असेल तर मी या दोन्हींतला एकही घेणार नाही. एकाच तिकिटावरचा तीन-चार तासांचा लेओव्हर शोधेन, नाहीतर थेट विमान. थेट म्हणजे नॉनस्टॉप. `Direct` लिहिलेलं विमान मध्ये उतरू शकतं, फक्त त्याचा नंबर बदलत नाही.

आता पैशांचा हिशोब. वाचले 20. दुसऱ्या तिकिटावर बॅगेचे वेगळे 6 द्यावे लागले, म्हणजे खरे वाचले 14. विमान चुकलं तर ऐनवेळी घ्यावं लागणारं नवं तिकीट 70 ला पडतं असं धरा. अशा पाच प्रवासांत एकदा जरी विमान चुकलं तर वाचवलेलं सगळं गेलं. हातात फक्त छोटी बॅग, मध्ये सहा-सात तास, व्हिसाचा प्रश्न नाही आणि त्याच मार्गावर दिवसात आणखी विमानं आहेत, अशा वेळी दोन तिकिटं घेण्यात मला काही चूक दिसत नाही. पट्ट्यावरची बॅग आणि दिवसातलं शेवटचं विमान असेल तर मात्र नको.

कोडशेअरबद्दल लोकांची तक्रार वेगळी असते: तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं. त्याने बदलतं ते असं. चेक-इन विमान चालवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर होतं. तिच्या यंत्रणेत तुमच्या बुकिंगचा वेगळा सहा अक्षरी क्रमांक असतो. तो आधीच मागून घेतला नाही तर तिच्या वेबसाइटवर आसन निवडता येत नाही. माइल्स कोणाच्या नियमाने मिळतील आणि बॅग किती किलो चालेल हे तिकिटावर छापलेलं बघायचं, विमानावरच्या रंगावरून ठरवायचं नाही. प्रवासाच्या दिवसापर्यंतच्या बदलांसाठी तिकीट देणाऱ्या कंपनीकडे जायचं. विमानतळावर उशीर झाला की आधी ज्या कंपनीच्या विमानाने उशीर केला तिच्याकडे.

जबाबदारी झटकली जाते ती याच फटीत. युरोपीय न्यायालयासमोर 2019 मध्ये असं एक प्रकरण निकाली निघालं. प्राग ते बँकॉक, अबू धाबीमार्गे, बुकिंग एकच, चेक एअरलाइन्सकडे केलेलं. पहिलं विमान त्यांचं आणि वेळेवर. दुसरं कोडशेअरखाली एतिहादचं, ते 488 मिनिटं उशिरा पोचलं. चेक एअरलाइन्सचं म्हणणं होतं की उशीर आमच्या विमानाला झालाच नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. बुकिंग एकच असल्यामुळे पूर्ण प्रवास एक धरला आणि भरपाई चेक एअरलाइन्सनेच द्यावी असं ठरलं. हा निकाल युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमाखालचा. जगभर हाच नियम नाही. पण तिथे तराजू कशाने झुकला ते बघा: कोडशेअर या शब्दाने नव्हे, एका बुकिंगने. कोडशेअर नंबरचं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं तर हे संरक्षण नाही. शंका असेल तर ई-तिकिटाचा 13 आकडी क्रमांक दोन्ही विमानांसमोर ताडून बघा. तोच असेल तर तिकीट एक. वेगळा असेल तर विकणाऱ्याला विचारा, कारण बुकिंगचा क्रमांक एकच दिसला तरी आतली तिकिटं दोन असू शकतात.

फेअर रूल्स, म्हणजे तिकिटाच्या भाड्याला जोडलेले नियम, कुणी वाचत नाही, आणि खरं तर सगळे वाचायची गरजही नाही. `Penalties` हा भाग काढा आणि त्यात तीन ठिकाणी बोट ठेवा: प्रवासाआधी, प्रवास सुरू झाल्यावर आणि नो-शो झाल्यावर बदल किंवा परतावा मिळतो का. तिन्हींची उत्तरं वेगळी असतात. आपल्या 100 च्या तिकिटावर `Changes permitted without charge` लिहिलंय असं धरा. परतीची तारीख चार दिवस पुढे न्यायची आहे. दंड शून्य. पण तुमच्या भाड्याच्या वर्गातल्या जागा त्या दिवशी संपल्यात, पुढचा वर्ग 35 ने महाग आहे. ते 35 भरावेच लागतात. फुकट असतो तो बदल, नवी जागा नव्हे. जाण्याचं भाडं एका प्रकारचं आणि येण्याचं दुसऱ्या प्रकारचं असेल तर बहुधा दोन्हींतला कडक नियम पूर्ण तिकिटाला लागतो. येताना स्वस्तातलं भाडं निवडून थोडे पैसे वाचवताना जातानाची सवलतही गेलेली असते. कंपनीने स्वतःच वेळापत्रक बदललं तर मात्र हा दंड लागू होत नाही. तेव्हा घाईघाईने आपणहून तिकीट रद्द करू नका, आधी त्यांच्याकडून पर्याय मागा.

स्टँडबायचं काम थोडक्यात. त्याच दिवशीच्या आधीच्या विमानाच्या यादीत नाव लावायचं आणि सगळे चढल्यावर जागा उरली तर आत जायचं. नाव लावलं म्हणून जागा मिळाली असं नाही. पण तुमचं मूळ आसन तोवर शाबूत असतं, म्हणून एकट्या, हलक्या सामानाच्या माणसाला हे परवडतं. सगळ्यांत स्वस्त भाड्यांना बहुधा ही सोय नसते, आणि कोडशेअरवर दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी ती मिळेल असं धरून चालू नये. चौघांच्या कुटुंबाने या नादी लागू नये. जागा उरतात त्या एकेक, आणि बॅग एव्हाना दुसऱ्या विमानाच्या रांगेत असते.

आपल्या दोन पर्यायांत मी 100 चं घेईन, कारण माझ्याकडे कायम एक मोठी बॅग असते. माझा मेहुणा 80 चं घेईल. तो पाठीवरच्या पिशवीत दहा दिवस काढतो, आणि विमान चुकलं तर त्या शहरात एक रात्र राहायला त्याला आवडेलच. परतीचा टप्पा मात्र त्याने त्याच दुसऱ्या तिकिटावर घेऊ नये.