आठ महिने आणि दीडशेच्या वर नथी: गॅलरीतलं बॅकग्राउंड काढायचं टूल वापरून

मी घरी नथी बनवते आणि व्हॉट्सॲपवर विकते. फोटोसाठी वेगळं ॲप घ्यायचं नव्हतं, म्हणून फोनसोबत आलेल्या गॅलरी ॲपमधलंच बॅकग्राउंड काढायचं टूल गेल्या मार्गशीर्षापासून वापरतेय. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत लिहून टाकते, नंतर श्वास घ्यायलाही वेळ नसतो.

कप, चप्पल, पर्स असलं काही असेल तर एका बोटात काम होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नथ मात्र या टूलची परीक्षा बघते. पहिला फोटो मी पांढऱ्या चादरीवर काढला होता. टूलने तार आणि लाल खडा ठेवला आणि निम्मे मोती चादरीबरोबर उडवून लावले. त्याचं तरी काय चुकलं? पांढऱ्यावर पांढरा मोती कुठे संपतो हे फोटोत मलाही दिसत नव्हतं. मग निळा कार्डपेपर घेतला. मोती राहिले, पण प्रत्येकाच्या कडेला निळी झाक आली. मोती चकचकीत, तो खालचा रंग उचलतोच, आणि ती झाक मोत्यावरच असल्यामुळे ब्रशने काढता येत नाही. शेवटी फिका राखाडी कागद चालला. दहा रुपयांच्या त्या कागदाने माझं निम्मं काम कमी केलं.

उरतं ते तारेच्या आतलं भोक. टूल बाहेरची कड बरोबर पकडतं, पण तार आणि मोत्यांचा घोस यांच्यामधल्या बंद जागेतला कागद तसाच ठेवतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो पटकन लक्षातही येत नाही. एका ताईंनी विचारलं, "नथीच्या मागे काही चिकटवलंय का?" तेव्हा मला दिसलं. तेव्हापासून कापलेली नथ आधी भडक पिवळ्या रंगावर ठेवून बघते. राहिलेला कागद, अर्धवट पुसलेली सावली, खाल्लेला मोती, सगळं तिथे उघडं पडतं. रंग शेवटी बदलायचा.

आता ब्रश. त्यात दोन बटणं आहेत, एक पुसायचं आणि एक परत आणायचं. मी आधी पुसत बसायचे, ते उलटं होतं. गेलेला मोती परत आणताना ब्रशखाली येणारा कागदही परत येतो, म्हणजे पुसलेलं पुन्हा पुसायचं. त्यामुळे आधी सगळे मोती परत आणायचे आणि मग पुसायला घ्यायचं.

दुसरी गोष्ट कळायला मला दोन महिने लागले. फोटो झूम केला तरी ब्रशचं वर्तुळ स्क्रीनवर तेवढंच राहतं, म्हणजे जितकं झूम कराल तितका ब्रश फोटोवर बारीक होतो. त्यामुळे साइझच्या पट्टीशी खेळत बसण्यापेक्षा मोती ब्रशच्या वर्तुळाएवढा दिसेपर्यंत झूम करते आणि त्यावर एकदाच टेकवते. अख्खा मोती गोल परत येतो. बोट फिरवून आणलेला मोती मात्र शेंगदाण्यासारखा दिसतो, करून बघा.

तारेच्या आतला कागद पुसताना मधून सुरुवात करते आणि तारेकडे सरकते. कडेजवळ आल्यावर आणखी झूम, आणि मऊ कडेचा पर्याय बंद. मऊ कडेने पुसलं की अर्धपारदर्शक थर राहतो आणि पिवळ्यावर धुरासारखा दिसतो. बोटाखाली नेमकी तीच जागा झाकली जाते ही अडचण आहेच. माझ्या ॲपमध्ये कोपऱ्यात छोटं भिंग उघडतं, मी बोटाकडे न बघता त्याच्याकडे बघते. जिथे तार दोन मोत्यांमधून जाते तिथे हात हललाच तर अनडू आहे. पण सेव्ह करून बाहेर पडलात की अनडू संपलं, म्हणून मूळ फोटोची कॉपी आधी काढून ठेवते.

पहिल्या नथीला पंचवीस मिनिटं लागली होती, आता सहा-सात लागतात.

तक्रारी दोन आहेत. मोठा फोटो सेव्ह केल्यावर छोटा होतो आणि ॲप ते सांगत नाही, फोटोच्या माहितीत जाऊन बघावं लागतं. म्हणून नथ फ्रेमभर येईल असाच फोटो काढते. आणि नथ घातलेल्या चेहऱ्याचा फोटो असेल तर कपाळावरच्या बटा ब्रशने सावरायच्या नादाला लागू नका, अर्धा तास जातो आणि विग लावल्यासारखं दिसतं. तो फोटो मी आहे तसाच पाठवते.

पारदर्शक फाइल PNG म्हणून सेव्ह करा. JPG मध्ये पारदर्शकता राहतच नाही, मागे रंग भरला जातो. आणि व्हॉट्सॲपवर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बॅनर करणाऱ्या दादांना मी तीन वेळा फोटो म्हणून पाठवली होती, आणि तिन्ही वेळा त्यांचा एकच प्रश्न आला, "ताई, बॅकग्राउंड काढलंय म्हणालात ना?"